ओट्यावरचा तेलाचा डाग

शेगडीशेजारी तेलाची बाटली रोज त्याच जागी ठेवली, की फिक्या रंगाच्या ग्रॅनाइटवर हळूहळू एक काळपट गोल उमटतो. भांड्याचा साबण आणि गरम पाण्याने ओटा घासा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी गोल नाहीसा झाला असेल, तर तेल वरवरचंच होतं. तो तसाच दिसत असेल, तर तेल दगडात उतरलंय आणि मग कितीही घासलं तरी उपयोग नाही. ग्रॅनाइटच्या कणांमध्ये बारीक फटी असतात, तेल त्यांत शिरून बसतं. ते पुन्हा वर ओढून घ्यावं लागतं.

त्यासाठी पोटीस बांधायचं. तळहाताएवढ्या डागाला साधारण अर्धी वाटी खाण्याचा सोडा घ्या आणि त्यात चमचा-चमचा पाणी घालत श्रीखंडाइतका दाट लेप करा. डागाच्या कडेबाहेर बोटभर जाईल असा, अर्धा सेंटीमीटर जाडीचा थर द्या. वर प्लास्टिकचा कागद लावून कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी कागद काढा, पण लेपाला हात लावू नका. खरं काम तो वाळताना होतं, कारण ओल उडते तसं तेल दगडातून कोरड्या सोड्यात येतं. पूर्ण वाळला की लाकडी उलथन्याने खरवडा. लगेच पाहिलं तर जागा ओलीमुळे गडदच दिसेल, म्हणून दिवसभराने निकाल बघा. डाग फिकट झाला असेल, तर पुन्हा लेप द्या. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावं लागतं.

तरीही हटला नाही, तर पाण्याऐवजी ॲसिटोन वापरतात. ते चटकन पेट घेतं, त्यामुळे गॅस सिलिंडरपाशी बंद करून आणि खिडक्या उघडूनच हे करा. काही काळे ग्रॅनाइट रंगवलेले असतात, म्हणून आधी कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने पुसून रंग सुटतो का ते पाहा. लिंबू किंवा व्हिनेगर मात्र कडप्प्यावर आणि कोट्यावर अजिबात नको. हे चुनखडीचे दगड, आंबटाने त्यांची झिलई जाते.

सीलर घ्यायचा का, हे पाणीच सांगतं. कोरड्या ओट्यावर शेगडीजवळ आणि सिंकजवळ थोडं पाणी टाका आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. खाली दगड गडद झाला असेल, तर तो पाणी पितो आणि सीलरचा फायदा आहे. घट्ट काळा ग्रॅनाइट बहुधा पाणी पीतच नाही. त्यावर सीलर मुरत नाही, वर धुरकट चिकट थर राहतो. तिथे तो खर्च करू नये.

सीलर लावायचाच असेल, तर तेलही रोखणारा, दगडात मुरणारा घ्या आणि आधी डाग काढा, नाहीतर आतलं तेल काढणं आणखी अवघड होतं. लावल्यावर डब्यावर दिलेल्या वेळात उरलेला पुसून टाकायचा. सीलर तेलाला कायमचं अडवत नाही, फक्त शिरायला उशीर लावतो, त्यामुळे सांडलेलं पुसायचं काम राहतंच. कडप्प्याला आंबटापासूनही तो वाचवत नाही. वर्षाने पुन्हा पाणी टाकून बघा, दगड गडद झाला तरच पुढचा हात द्या.