स्वप्नं नेमकी कुठून येतात?

स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छांची गुप्त भाषा, हे फ्रॉइडचं म्हणणं १९७७ साली हार्वर्डच्या ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी मोडीत काढलं. झोपेत डोळ्यांची बुबुळं वेगाने हलतात त्या टप्प्याला ‘रेम’ झोप म्हणतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पॉन्स या भागातून या झोपेत वेळोवेळी संदेश उसळतात. या संदेशांना स्वतःचा काही अर्थ नसतो. वरचा मेंदू त्यांची कशीबशी गोष्ट जुळवतो आणि तेच स्वप्न, असा त्यांचा सिद्धांत होता.

त्याला आधारही भक्कम होता. शिकागोत १९५७ साली डिमेंट आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांना मुद्दाम उठवून पाहिलं. रेममधून उठवलेली माणसं दहापैकी सुमारे आठ वेळा स्वप्न सांगत. इतर झोपेतून उठवलेली क्वचितच.

पण डेव्हिड फोक्स यांनी प्रश्नच बदलला. ‘स्वप्न पडलं का?’ याऐवजी ‘आत्ता मनात काय चाललं होतं?’ असं विचारल्यावर रेम नसलेल्या झोपेतूनही निम्म्याहून अधिक वेळा काही ना काही हाती लागलं. म्हणजे आधीची तफावत काही अंशी विचारण्याच्या पद्धतीतून आली होती.

मोठा धक्का दिला मार्क सोल्म्स यांनी. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांना ते त्यांच्या स्वप्नांबद्दल विचारत. काहींची स्वप्नं पूर्ण थांबली होती, पण त्यांचा पॉन्स शाबूत होता. इजा होती कपाळामागच्या खोल भागात, जिथून इच्छा आणि ओढ यांचे मार्ग जातात, किंवा मेंदूच्या मागच्या बाजूला. उलट पुरावा मात्र मिळणं कठीण, कारण पॉन्सला मोठी इजा झालेला माणूस बहुधा शुद्धीवरच नसतो.

२०१७ साली फ्रान्चेस्का सिक्लारी, जूलिओ टोनोनी आणि सहकाऱ्यांनी झोपणाऱ्यांच्या डोक्यावर २५६ इलेक्ट्रोड लावले. रात्रीतून अनेकदा उठवून एकच विचारायचं: जाग येण्याच्या अगदी आधी मनात काय होतं? मेंदूच्या मागच्या भागातल्या संथ लहरी ओसरलेल्या असल्या, की माणूस स्वप्न सांगे, मग झोप रेम असो वा नसो. ही खूण पाहून संशोधक उठवण्याआधीच अंदाज बांधू लागले आणि ते बहुतेक वेळा बरोबर ठरले.

हॉब्सन यांनी पुढे आपला सिद्धांत स्वतःच बदलत नेला, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण मानायला हवी. पॉन्स रेम झोप चालू करतो, हा भाग टिकला. स्वप्न मात्र रेमचं बांधील नाही. ते का पडतं, याचं उत्तर या नोंदींतून मिळत नाही: खूण ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ सांगते, ‘कशासाठी’ नाही. स्वप्नात धोक्यांची तालीम होते किंवा आठवणी पक्क्या होतात, असं मांडणाऱ्यांना ते वेगळ्या प्रयोगांनीच सिद्ध करावं लागेल.