चार बाइटांचा रँडम

जालन्याच्या एखाद्या मोसंबीच्या बागेत जमिनीतला ओलावा मोजणारी वीस छोटी यंत्रं बसवली आहेत, असं समजा. शेतीच्या फीडरवर लाइट आली की सगळी एकदम सुरू होतात आणि एकाच रेडिओ वाहिनीवर एकाच क्षणी बोलू लागतात. मग कोणाचाच निरोप पोचत नाही. यावर उपाय ठरलेला आहे: प्रत्येकानं शून्य ते सात सेकंदांतला एक रँडम आकडा काढायचा आणि तेवढं थांबून निरोप पाठवायचा; टक्कर झाली तर पुन्हा नवा आकडा काढायचा.

हा आकडा काढायचा कसा? संगणकावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या मर्सेन ट्विस्टरला सुमारे अडीच किलोबाइट जागा लागते. आर्डुइनो उनोच्या आर३ आवृत्तीवरच्या चिपची सगळी रॅम मिळून दोन किलोबाइट. जॉर्ज मार्साग्लिया यांनी २००३ साली मांडलेल्या झॉरशिफ्टला मात्र चार बाइट पुरतात:

```c
y ^= y << 13;
y ^= y >> 17;
y ^= y << 5;
```

यात `y` ही ३२ बिटांची बिनचिन्ह संख्या आहे. गुणाकार नाही, भागाकार नाही. बिट सरकवायचे आणि मूळ संख्येशी झॉर करायचे. शून्य वगळता ३२ बिटांत बसणारी प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्यावरच चक्र पुन्हा सुरू होतं. इतक्या थोड्या कोडमध्ये एवढं पदरात पडणं मला आजही विलक्षण वाटतं.

अडचण सुरुवातीच्या आकड्यात, म्हणजे सीडमध्ये असते. सोय म्हणून यंत्राचा अनुक्रमांकच सीड दिला, तर काय होतं ते पाहू. १ दिल्यावर पहिला आकडा २७०३६९ येतो, २ दिल्यावर ५४०७३८, आणि ३ दिल्यावर ८१११०७. तिसरा आकडा म्हणजे पहिल्या दोघांची बेरीज! आठनं भागून बाकी घेतली, तर थांबायचे सेकंद १, २, ३. रँडम काहीच झालं नाही. यंत्र क्रमांक ९ घ्या: तेही १ नंबरसारखं एकच सेकंद थांबतं. दोघांची टक्कर होते. दुसऱ्या खेपेलाही दोघांच्या वाट्याला पुन्हा एकच सेकंद येतो. तिसऱ्या खेपेला कुठे एकाला ५, दुसऱ्याला ४ मिळतात. खालच्याऐवजी वरचे तीन बिट घेतले, तरी पहिल्या खेपेला दोघांनाही शून्यच मिळतं, कारण लहान सीडमधले मोजके चालू बिट पसरायला काही फेऱ्या जाव्या लागतात. म्हणून सीड दिल्यावर पहिले काही डझन आकडे फेकून द्यावेत, किंवा अनुक्रमांक आधी एखाद्या हॅशमधून घुसळून घ्यावा.

सीड द्यायचंच राहिलं, तर आणखी वाईट. सी भाषेत ग्लोबल चल आपोआप शून्य होतं आणि शून्यावर झॉरशिफ्ट कायम शून्यच देत राहतो. सगळी यंत्रं एकाच क्षणी बोलत असली, तर पहिल्यांदा हेच तपासावं.

गेममध्ये ठिणग्या उडवायला किंवा एका सीडवरून तोच नकाशा पुन्हा उभा करायला हा जनरेटर उत्तम. पण यात बाहेर आलेला आकडा हीच आतली अवस्था असते. एक पूर्ण आकडा ज्याच्या हाती लागला, तो पुढचे सगळे आकडे स्वतः काढू शकतो. त्यामुळे बागेतला पंप दुरून चालू करण्याचा गुप्त कोड यातून कधीही बनवू नये.