लाइट गेली की छतावरचं सौर का थांबतं?

छतावर सौर पॅनेल बसवून महिना-दोन महिने झाले की अनेक घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. भर दुपारी लाइट जाते, बाहेर कडक ऊन असतं आणि तरीही घरातला पंखा थांबलेला असतो. कंपनीनं फसवलं, असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा फसवणूक झालेली नसते. पॅनेल बसवण्याआधी एक गोष्ट कुणी नीट सांगितलेली नसते, एवढंच. सर्वाधिक विकली जाणारी ऑन-ग्रिड यंत्रणा वीज गेल्यावर बंद पडण्यासाठीच बनवलेली असते.

ग्रिड म्हणजे आपल्या घरापर्यंत आलेलं तारांचं जाळं, महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी महावितरणचं. पॅनेलमधून येणारी वीज डीसी असते, इन्व्हर्टर तिची एसी करतो. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःचा ताल धरत नाही. तारांमधून येणाऱ्या विजेचं व्होल्टेज आणि सेकंदाला पन्नासचा ठेका तो सतत ऐकतो आणि त्यावर आपली वीज सोडतो. भजनात पखवाजाच्या ठेक्यावर टाळ वाजावेत, तसं हे काम आहे. ठेका थांबला की त्याला साथ करायला काही उरत नाही.

पण त्याला थांबवण्यामागं याहून गंभीर कारण आहे. लाइट गेली म्हणजे पुष्कळदा डीपीवर किंवा खांबावर लाइनमन काम करत असतो. तार मृत आहे असं समजून त्यानं हात घातला आणि तुमच्या छतावरची वीज त्याच तारेत शिरत असली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रिड गेल्यावर जास्तीत जास्त दोन सेकंदांत इन्व्हर्टरनं वीज सोडणं थांबवलं पाहिजे, अशी चाचणी त्याला पार करावी लागते. वीज परत आली तरी तो लगेच सुरू होत नाही. पुरवठा स्थिर झालाय का हे पाहायला मिनिटभर ते काही मिनिटं घेतो. ही सोय कुणी ‘काढून देतो’ म्हणाला, तर त्याला घरात घेऊ नये.

ऑफ-ग्रिडचं गणित याच्या उलट आहे. तिथं तारांशी संबंधच नसतो. पॅनेलमधली वीज बॅटरीत साठते आणि बॅटरीच्या आधारावर इन्व्हर्टर स्वतःचा ठेका तयार करतो. ज्या पाड्यावर किंवा शेतातल्या घरात वीजजोडणीच नाही, तिथं हाच मार्ग. पण घरात मीटर असताना तो घेणं सहसा तोट्याचं ठरतं. बॅटरी दुपारपर्यंत भरली की उरलेल्या दिवसाची वीज घ्यायला कुणी नसतं, ती वायाच जाते. पावसाळ्यात सलग चार-पाच ढगाळ दिवस आले की अंधार होतो, आणि तो टाळायचा तर बॅटरीचा साठा कितीतरी मोठा ठेवावा लागतो. शिवाय केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचं अनुदान ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेलाच मिळतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरवलं आहे.

हायब्रिड यंत्रणेत दोन्ही गोष्टी एकत्र येतात. लाइट असताना ती ऑन-ग्रिडसारखी वागते, जास्तीची वीज नेट मीटरमधून बाहेर पाठवते. लाइट गेली की आतला स्विच घराला तारांपासून तोडतो आणि बॅटरीच्या जोरावर ती स्वतःचा ठेका धरते. घर वेगळं झालेलं असल्यामुळं लाइनमनला धोका राहत नाही आणि पॅनेलही चालू राहतात.

मग वारंवार लाइट जाणाऱ्या घरानं डोळे झाकून हायब्रिड घ्यावं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. आधी आपल्याकडची लाइट कधी आणि किती वेळ जाते ते पाहावं. निवड त्यावरच ठरते.

एक घर धरू. तालुक्याच्या गावातलं, महिन्याला सुमारे ३०० युनिट वापराचं. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतात, म्हणजे तीन किलोवॅटवर महिन्याला साधारण ३६० युनिट. पावसाळ्यात यातले बरेच कमी होतील, उन्हाळ्यात वाढतील. साडेपाचशे वॉटचे सहा पॅनेल पुरतात. इथपर्यंत ऑन-ग्रिड आणि हायब्रिड यांत काही फरक नाही.

आता लाइट गेल्यावर काय चालायला हवं ते मोजू. तीन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे, सहा एलईडी दिवे ९ वॉटचे, टीव्ही ८० वॉट, वाय-फाय १२ वॉट. फ्रिज थांबून थांबून चालतो, त्याचे सरासरी ५० धरू. बेरीज ४२१ वॉट. लाइट चार तास गेली तर १.७ युनिट लागतील, इन्व्हर्टरमधली गळती धरून १.९. पाण्याची मोटर आणि एसी यात धरलेले नाहीत.

घरात आपल्याकडं सर्रास दिसणारी १५० अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी असेल, तर तिच्यात कागदावर १.८ युनिट असतात. ती टिकवायची तर निम्म्यापर्यंतच रिकामी करावी, म्हणजे हाती ०.९ युनिट. दोन तास निघतील. पंखे मात्र ३० वॉटचे बीएलडीसी घेतले तर एकूण भार २८६ वॉटवर येतो आणि तीच बॅटरी जवळपास तीन तास चालते. म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

या घराची लाइट रोज जाते, पण तास-दीड तासात येते, असं असेल तर हायब्रिडवर पैसे घालू नयेत. ऑन-ग्रिड यंत्रणा घ्यावी आणि घरातला साधा इन्व्हर्टर-बॅटरी तसाच ठेवावा. तेवढा वेळ बॅटरी निभावून नेते, लाइट आली की ती परत भरते आणि बिल नेट मीटरमधून कमी होतंच.

चित्र बदलतं ते लाइट सकाळी दहाला जाऊन दुपारी चारला येते तेव्हा, किंवा पावसाळ्यात झाड पडून दिवसभर येतच नाही तेव्हा. अशा वेळी ऑन-ग्रिडचे पॅनेल बंद, बॅटरी तीन तासांत संपलेली, आणि रात्री पुन्हा लाइट गेली तर हातात काहीच नाही. हायब्रिडमध्ये दिवसाचा ४२१ वॉटचा भार पॅनेलच उचलतात, ढगाळ हवेतही पुष्कळदा तेवढं निघतं. बॅटरी भरलेली राहते आणि रात्रीसाठी हाताशी असते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची ५ युनिटची बॅटरी असेल, तर तिच्यातले चार युनिट बिनधास्त वापरता येतात. म्हणजे संध्याकाळपासून आठ तास निघाले.

विक्रेते हायब्रिडसाठी आणखी एक कारण देतात. लाइट गेल्यावर वाया जाणारी वीज यातून वाचते, असं ते सांगतात. हे पुरतं खरं नाही. दुपारी चार तास लाइट गेली तर तीन किलोवॅटच्या ऑन-ग्रिड यंत्रणेचे सहा-सात युनिट बुडतात, हे मान्य. पण त्या वेळी हायब्रिडलाही वीज बाहेर पाठवता येत नाही. घराला लागते तेवढी आणि बॅटरी भरेपर्यंत तेवढीच ती तयार करते, बाकीची सोडून देते. हायब्रिडचा जादा खर्च घरातल्या सोयीसाठी असतो, तो बिलातून वसूल होईल असं धरून चालू नये.

हायब्रिड घ्यायचं ठरलं तर विकत घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, हे यंत्र नेट मीटरमधून वीज बाहेर पाठवतं का? बाजारात सोलर पीसीयू नावाची यंत्रं हायब्रिड म्हणून खपवली जातात. ती ग्रिडकडून बॅटरी भरून घेतात, पण ग्रिडला काही देत नाहीत. दुसरी, बॅकअपचं आउटपुट वेगळं आहे का आणि ते किती किलोवॅटचं? तीन किलोवॅटच्या बॅकअपवर एक एचपीची मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. मोटर, गिझर, एसी बॅकअपबाहेर ठेवून पंखे-दिवे-फ्रिजसाठी वेगळा बोर्ड काढावा लागतो. जुन्या घरात या बोर्डाचा न्यूट्रल बाकीच्यांशी मिसळलेला असतो आणि मग आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. वायरमनला न्यूट्रल वेगळा करायला आधीच सांगावं. तिसरी, बॅटरी इन्व्हर्टर-कंपनीच्या मान्य यादीत आहे का? लिथियम बॅटरीतली नियंत्रण यंत्रणा आणि इन्व्हर्टर यांचं एकमेकांशी जुळलं नाही तर चार्जिंग अर्ध्यात थांबतं.

एक धोका ऑन-ग्रिडवाल्यांनी ध्यानात ठेवावा. काही ठिकाणी ‘लाइट गेल्यावरही सोलर चालेल’ म्हणून ऑन-ग्रिड इन्व्हर्टरची जोडणी साध्या इन्व्हर्टरच्या किंवा जनरेटरच्या आउटपुटवर करून देतात. त्या विजेचा ठेका ऐकून सोलर इन्व्हर्टर तिलाच ग्रिड समजतो आणि घराला नको असलेली वीज उलटी आत ढकलतो. बॅटरी जास्त चार्ज होते, इन्व्हर्टर जळतो, जनरेटरही बिघडतो. सोलरची जोडणी नेहमी मुख्य बोर्डावर, इन्व्हर्टर-बॅटरीच्या आधीच्या बाजूला असली पाहिजे.

हायब्रिड बसवल्यावर सेटिंगकडं मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. दिवसा भरलेली बॅटरी संध्याकाळी घर चालवायला वापरायची, असं सेटिंग पुष्कळदा कंपनीकडूनच आलेलं असतं. मग रात्री अकराला लाइट गेली की बॅटरी रिकामी मिळते. जिथं नेट मीटरमध्ये युनिटला युनिट वळतं होतं, तिथं संध्याकाळी बॅटरी वापरून फायदाही होत नाही, उलट चार्ज-डिस्चार्जमध्ये दहाएक टक्के वीज जाते आणि बॅटरीचं आयुष्य झिजतं. बॅटरीचा राखीव साठा ८० टक्क्यांवर ठेवून ती फक्त लाइट गेल्यावर वापरायला सांगावं. पावसाळ्यापुरती ग्रिडवरून चार्जिंगची परवानगीही चालू ठेवावी.

काम पूर्ण झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. दुपारी उन्हात घराचा मेन स्विच खाली पाडायचा. ऑन-ग्रिड असेल तर सोलर इन्व्हर्टर लगेच थांबला पाहिजे. हायब्रिड असेल तर बॅकअपवरचे पंखे न थांबता फिरत राहिले पाहिजेत आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावर पॅनेलची वीज शून्यावर न जाता घराच्या भारापर्यंत कमी झालेली दिसली पाहिजे. मग रात्री तोच स्विच पाडून फ्रिज, पंखे, टीव्ही एकदम चालू करावेत आणि तासाभरात बॅटरी किती टक्के उतरली ते लिहून ठेवावं. वरच्या घराच्या हिशेबानं ५ युनिटची नवी लिथियम बॅटरी आठ ते दहा टक्के उतरायला हवी. पंधराच्या वर गेली, तर बॅकअपवर एखादी नको ती जोडणी राहिली आहे, किंवा बॅटरी सांगितली तेवढी नाही.