स्लॅब कोसळला, आता सिद्ध काय करायचे?

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीतल्या पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली. माणसे झोपेत होती आणि जवळपास चाळीस जणांचा जीव गेला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या घटनेची दखल घेतली. फेब्रुवारी 2022 मध्ये आलेल्या त्या निकालात महापालिकांच्या जबाबदारीची सविस्तर चर्चा आहे. पुढे 29 एप्रिल 2023 रोजी वळपाड्यात खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे असलेली आणखी एक इमारत पडली.

अशा प्रत्येक घटनेनंतर गुन्हा दाखल होतो, अटक होते आणि सरकार मदत जाहीर करते. पण गुन्ह्याच्या खटल्यात मुख्यतः आरोपीला शिक्षा होते की नाही हे ठरते आणि सरकारी मदत हा हक्क नसून सानुग्रह असतो. पाय गेलेल्या माणसाचे पुढचे पगार कोणी भरून द्यायचे, याचे उत्तर तिसऱ्याच दारात मिळते. ते दार दिवाणी न्यायालयाचे, अपकृत्याच्या कायद्याचे. तिथे ‘केवढा हा निष्काळजीपणा’ एवढे म्हणून भागत नाही. काळजी घेण्याचे कर्तव्य होते का, ते मोडले का, मोडल्यामुळेच इजा झाली का आणि त्या इजेचे मोल किती, हे चार प्रश्न प्रत्येक प्रतिवादीविरुद्ध वेगवेगळे सोडवावे लागतात. जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) सर्वोच्च न्यायालयाने कर्तव्य, कर्तव्यभंग आणि त्यातून झालेले नुकसान अशी मांडणी केली. चार प्रश्न त्यातलेच आहेत, फक्त ‘त्यातून झालेले’ हा भाग इथे वेगळा काढला आहे. इमारतीचे दावे बहुतेकदा तिथेच अडकतात, असे माझे मत आहे.

विधीच्या वर्गात देतात तशी एक काल्पनिक हकिकत घेऊ. भिवंडीत 1986 पासून वापरात असलेली तीन मजली इमारत आहे. तळमजल्यावर यंत्रमागाचा कारखाना, वर भाडेकरूंच्या खोल्या. कारखानदाराने चार माग वाढवण्यासाठी मधली भिंत पाडली आणि एका कॉलमची कड छिन्नीने तासली. जिन्याखालच्या दुसऱ्या कॉलमचे प्लास्टर दोन वर्षांपूर्वीच गळून पडले होते. सळई उघडी होती आणि गंजून फुगली होती. भाडेकरूंनी घरमालकाला सांगितले, त्याने वरून सिमेंट थापून रंग मारला. त्याने आणलेल्या अभियंत्याने एकही चाचणी न करता ‘इमारत राहण्यास योग्य’ असा दाखला दिला. मे महिन्यात महापालिकेने अतिधोकादायक म्हणून नोटीस भिंतीवर चिकटवली आणि पुढे काही केले नाही. 12 जुलैच्या रात्री पावसात दुसऱ्या मजल्याचा स्लॅब खाली आला. चौतीस वर्षांच्या, महिना 15,000 रुपये कमावणाऱ्या एका विणकर भाडेकरूचा पाय चिरडला. शेजारच्या खोलीतला एक कामगार जागीच गेला.

कर्तव्यापासून सुरुवात करू. घरमालकाबद्दल वाद नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265 अ प्रमाणे तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी लागते, म्हणजे 1986 ची ही इमारत 2016 मध्येच या कलमाखाली आली. कारखानदारावरही कर्तव्य आहेच, कारण डोक्यावर माणसे राहतात हे त्याला रोज दिसते. अभियंता मात्र म्हणेल, “मला फी मालकाने दिली, भाडेकरूंशी माझा करार नाही.” हा बचाव 1932 मध्येच निकालात निघाला. स्कॉटलंडमधल्या एका बाईने जिंजर बिअर प्यायली, बाटलीत कुजलेली गोगलगाय असल्याची तिची तक्रार होती आणि बाटली विकत घेतली होती तिच्या मैत्रिणीने. करार नसला तरी आपल्या कृतीचा फटका ज्यांना बसेल हे सहज दिसते, त्यांच्याविषयी काळजी घ्यावीच लागते, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने डोनोह्यू खटल्यात ठरवले. तोच नियम आपल्याकडे रुजला. राहण्यायोग्यतेचा दाखला राहणाऱ्यांसाठीच असतो, त्यामुळे त्या सहीचा फटका कोणाला बसेल हे अभियंत्याला माहीत असतेच.

महापालिकेचे काय, हा खरा अवघड प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे शेजारी ठेवून वाचावेत. दिल्लीच्या चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली. मनोरा सुमारे 80 वर्षांचा होता आणि त्यातल्या चुन्याच्या बांधकामाचे आयुष्य 40 ते 45 वर्षे. दोष आत दडलेला होता, आम्हाला कळला नाही, असे पालिका म्हणाली. सुभगवंती खटल्यात (1966) न्यायालयाने ते मानले नाही: मनोरा तुमचा, ताबा तुमचा, आयुष्य कधीच सरलेले, मग तपासला का नाही? असा मनोरा आपोआप पडतो तेव्हा पडणे हाच निष्काळजीपणाचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. उलट राजकोटच्या खटल्यात (1997) रस्त्याकडेचे झाड पडून एक माणूस गेला, तेव्हा प्रत्येक झाड तपासत राहण्याचे काळजीचे कर्तव्य पालिकेवर लादता येणार नाही, असे ठरले. आपली इमारत पालिकेच्या मालकीची नाही, म्हणून ती राजकोटचा आधार घेईल. पण राजकोटच्या झाडाचा धोका पालिकेला ठाऊक नव्हता. इथे तिने स्वतःच ‘अतिधोकादायक’ असे लिहिले आहे. कलम 264 खाली धोकादायक इमारत रिकामी करवण्याचा अधिकारही तिच्या हातात होता. म्हणून माझ्या मते तिच्याविरुद्धचा दावा टिकायला हवा, पण चौघांत सर्वांत नाजूक दावा हाच आहे. वकिलाने तो इमारतीच्या वयावर उभा करू नये, नोटिशीच्या तारखेवर उभा करावा.

कर्तव्यभंगासाठी मोजपट्टी सुज्ञ माणसाची असते. धोका जेवढा मोठा आणि तो टाळायचा खर्च जेवढा कमी, तेवढी अपेक्षा जास्त. फुगलेल्या सळईवर सिमेंट थापणे ही दुरुस्ती नव्हे. सैल काँक्रीट काढून, सळई साफ करून, लागेल तिथे नवी जोडून आणि तोवर स्लॅबला टेकू देऊन ते काम करावे लागते. अभियंत्याची मोजपट्टी त्याच्या व्यवसायातल्या साधारण कुशल माणसाची. रिबाउंड हॅमरची ठोक चाचणी, अल्ट्रासोनिक चाचणी, गरज पडल्यास कॉलममधून काढलेला काँक्रीटचा गाभा, यांपैकी काहीच नसलेला दाखला बचावाला उभा राहत नाही. ‘पाऊस फार होता’ हेही चालणार नाही. भिवंडीत जुलैत पाऊस पडणे ही दैवी आपत्ती नव्हे.

आता अडणारा भाग. कर्तव्य मोडले म्हणजे इजा त्यामुळेच झाली, असे होत नाही. प्रत्येकाबाबत विचारायचे: याने चूक केली नसती तर स्लॅब पडला असता का? घरमालक म्हणेल, कारखानदाराने कॉलम तासला म्हणून पडला. कारखानदार म्हणेल, जिन्याखालचा कॉलम सडला होता. अभियंता म्हणेल, मी खरे लिहिले असते तरी मालकाने काही केले नसते.

कारणांच्या अशा लढाईचे उत्तम मराठी उदाहरण 1953 चे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर अपघातात एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला नेले, तिथल्या डॉक्टरांनी पुरेशी भूल न देता हाड ओढून बसवले आणि त्याच रात्री तो गेला. चरबीची गुठळी रक्तात गेल्याने मृत्यू झाला, असा डॉक्टरांचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये पुरावा तोलला आणि भुलेविना केलेल्या ओढाताणीच्या धक्क्यानेच मृत्यू झाल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. शंभर टक्के खात्री लागली नाही. दिवाणी दाव्यात कोणते कारण अधिक संभवनीय, एवढेच तोलायचे असते.

पण तोलायला पारड्यात काहीतरी हवे. इमारत पडल्यावर आधी ढिगाऱ्याखालची माणसे काढतात, ते योग्यच आहे. त्यानंतर दोनतीन दिवसांत डंपर भरभरून राडारोडा निघून जातो आणि दोन्ही कॉलमही त्यात जातात. तासलेल्या कॉलमची कड छिन्नीने सरळ तुटलेली दिसते, गंजाने गेलेल्या कॉलमची सळई बारीक झालेली, तांबूस पापुद्रे सुटलेली असते. कारण सांगणारे हे तुकडे राडारोड्याच्या डेपोत मिसळले की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. म्हणून भाडेकरूंनी आधी काढून ठेवलेले मोबाइलमधले फोटो, त्यांच्या तारखा, घरमालकाला पाठवलेले संदेश आणि पोलीस पंचनाम्याची प्रत यांना सोन्याचे मोल येते. गुन्ह्याच्या तपासात नमुने प्रयोगशाळेत गेले असतील तर त्या अहवालाची नक्कल मागायला विसरू नये.

आपल्या हकिकतीत समजा अहवाल आला की दोन्ही कॉलम मिळून हरले. तासलेल्या कॉलमचा भार सडलेल्यावर सरकला आणि त्याने तो पेलला नाही. तेव्हा घरमालक आणि कारखानदार दोघेही जबाबदार. विणकर पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करू शकतो, वाटणी त्यांनी आपसात करावी. अभियंत्याला मात्र मालकाच्या स्वभावावर बोट ठेवून सुटता येणार नाही, कारण खरा दाखला असता तर भाडेकरू स्वतः पालिकेत गेले असते. हे त्यांनी साक्षीत सांगायला हवे, न्यायालय ते आपणहून गृहीत धरणार नाही.

नुकसान मोजताना समजा उपचारांचा खर्च 2,40,000 रुपये झाला. सहा महिन्यांचा बुडालेला पगार 90,000. डॉक्टरांनी कमाईची क्षमता 30 टक्के घटली म्हटले, म्हणजे महिना 4,500, वर्षाला 54,000. मोटार अपघाताच्या दाव्यांत या वयाला 16 हा गुणक धरतात आणि इतर दाव्यांतही तो मार्गदर्शक म्हणून वापरता येतो. त्याने गुणले की 8,64,000. एकूण 11,94,000, शिवाय वेदनांसाठी न्यायालय देईल ते.

प्रतिवादी म्हणतील, नोटीस वाचूनही हा राहिला, धोका त्यानेच पत्करला. धोका पत्करणे म्हणजे मोकळेपणाने मान्य करणे. दुसरी खोली परवडत नाही, खोली सोडली तर ताबा जाण्याची भीती, अशा वेळी राहणे ही संमती नव्हे. फार तर न्यायालय त्याचा स्वतःचा वाटा म्हणून थोडी कपात करेल. दहा टक्के धरली तरी 1,19,400 जाऊन 10,74,600 उरतात.

राहिली मुदत. महापालिकेविरुद्ध दाव्याआधी त्याच महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 खाली एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो. नोटिशीचा काळ वगळून मिळण्याचा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नये. 12 जुलैला स्लॅब पडला, तर नोटीस उशिरात उशिरा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात पडलेली असावी आणि दावा 12 जानेवारीच्या आत. चार महिने रुग्णालयात गेलेल्या विणकराकडे जेमतेम दोन उरतात. मेलेल्या कामगाराच्या वारसांना 1855 च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली दाव्यासाठी दोन वर्षे मिळतात, पण तीही घरमालक, कारखानदार आणि अभियंत्यापुरती धरावीत. पालिकेला प्रतिवादी करायचे असेल, तर त्यांनीही जानेवारीचीच तारीख धरून चालावे.