भाग 14 : एक लिटरची पिशवी, पण खरंच एक लिटर?

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातली थोडी काटछाट केली आहे.)

मागच्या महिन्यात आई म्हणाली, "अरे, हल्ली तेल लवकर संपतंय." घरात माणसं तीनच, स्वयंपाकही तोच. मी रिकामी पिशवी उलटून बघितली तर लिहिलं होतं, 840 ग्रॅम. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. ॲपवर दोन्ही पिशव्यांचे फोटो अगदी सारखे दिसतात. तेलाची पिशवी ठरावीक मापाचीच असावी, अशी सक्ती आता राहिलेली नाही.

आता हिशोब बघा. 840 ग्रॅमची पिशवी 132 रुपये, 910 ग्रॅमची 140. पहिली आठ रुपयांनी स्वस्त वाटते. पण किलोमागे पहिली पडते 157 रुपये आणि दुसरी 154. पाकिटावर एमआरपीशेजारी ग्रॅममागचा दर छापलेला असतो, पण तो एमआरपीवरचा. सवलतीनंतरचा दर आपणच काढायचा. मी शीटमध्ये B मध्ये किंमत, C मध्ये ग्रॅम लिहितो आणि हे टाकतो :

```
=B2/C2*1000
```

दुसरी गोष्ट, पिनकोड. आमच्याकडे कर्जतला 410201, खोपोलीला 410203. ऑफिससाठी नवी मुंबईचा पत्ता सेव्ह असेल, तर ॲप तिथल्या दुकानातले भाव दाखवतं. तो माल आणि तो भाव आपल्याकडे मिळेलच असं नाही. म्हणून आधी घरचा पत्ता निवडा, मग तुलना करा.

तिसरी गोष्ट, शेवटचा आकडा. भाव दाखवणारी ॲप्स बहुधा वस्तूची किंमत सांगतात, डिलिव्हरी आणि हँडलिंगचे पैसे नाही. आमची महिन्याची यादी ॲपवर 2,640 रुपयांची झाली, बाजारातल्या वाण्याकडे 2,742 ची. एकाच ऑर्डरमध्ये डिलिव्हरी फुकट, हँडलिंग 12 रुपये. म्हणजे 2,652, आणि 90 रुपये वाचले. पण हीच यादी पाच छोट्या ऑर्डरमध्ये मागवली, तर दर वेळी 30 अधिक 12 असे 42 रुपये लागतात. एकूण 2,850. म्हणजे वाण्यापेक्षा 108 रुपये जास्तच! म्हणून पैसे भरायच्या पानापर्यंत जा, एकूण रक्कम टिपून घ्या आणि मगच ठरवा.

आणि "अजून 90 रुपयांचं घ्या, डिलिव्हरी फुकट" असं आलं की थांबा. 30 रुपये वाचवायला 90 ची बिस्किटं आपणच घेतो. महिनाअखेरीला बिलं काढा आणि यादीत नसलेल्या वस्तूंवर खूण करा. आमच्या घरी बचत नेमकी तिथेच गळत होती.

आता आमची एकच मोठी ऑर्डर महिन्याच्या सुरुवातीला जाते. मधे काही संपलं, तर ते वाण्याकडूनच.