चौकट : वृद्धाश्रमात रात्री आग लागली तर…

रात्रपाळी : दिल्लीच्या ग्रेटर कैलासमधील वृद्ध सेवाकेंद्राला १ जानेवारी २०२३ च्या पहाटे आग लागून दोन ज्येष्ठ महिलांचा मृत्यू झाला. समजा, विट्यातील एखाद्या आश्रमात अंथरुणाला खिळलेले १२ जण आहेत. प्रत्येकाला हलवायला २ मिनिटे धरली, तर एकट्या सेविकेला २४ मिनिटे लागतील. म्हणून आधी जळत्या खोलीतील व्यक्तीला बाहेर काढून दार ओढून घ्यायचे, मग शेजारच्या खोल्या. जागे असलेले दोघे असतील, तर एक जण १०१ ला फोन लावू शकतो आणि चादरीसकट ओढायलाही दुसरा हात मिळतो.

चाकाची खुर्ची : दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी असावी. उताराचे प्रमाण १:१२. म्हणजे ४५ सेंमी उंच ओट्याला ५.४ मीटर लांब उतार लागतो. आगीत लिफ्ट वापरायची नाही.

औषधांची ट्रॉली : १५० सेंमीच्या बोळात ५० सेंमीची ट्रॉली उभी राहिली, तर उरलेल्या १०० सेंमीतून एकच खुर्ची जाते, वळत नाही. ट्रॉलीवरचे स्पिरिट, सॅनिटायझर आणि कापूस चटकन पेटतात. रात्रीच्या गोळ्या वाटून झाल्या की ट्रॉली बंद खोलीत, ऑक्सिजन सिलिंडरपासून लांब ठेवावी.