एका केसाची दोन टोकं

भाचीने परवा काचेच्या पेल्यात आपला एक केस टाकला आणि मला हाक मारली. "मावशी, बघ, तरंगतोय! म्हणजे माझे केस लो पोरॉसिटीचे, हो ना?" तिच्या केसांची खालची वीतभर टोकं गेल्या वर्षी ब्लीच करून रंगवलेली आहेत. न्हाल्यावर ती राठ होतात, गुंततात. तरीही केस तरंगत होता. विचारलं तेव्हा कळलं की केस गुंतवळातला होता आणि आदल्या रात्री तिने डोक्याला तेल लावलं होतं. तेलकट केस तरंगणारच.

पोरॉसिटी म्हणजे केसात पाणी किती सहज शिरतं आणि बाहेर पडतं ते. केसावर कौलांसारखे एकावर एक चढलेले बारीक खवले असतात, त्यांची उघडी कड टोकाकडे. त्यांच्यावर स्निग्ध द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. तो शाबूत असेल तर पाणी केसावर थेंब धरून राहतं. ब्लीचने तो निघून जातो, खवलेही उचकटतात. केस हा मृत भाग असल्यामुळे गेलेला थर पुन्हा येत नाही.

तरंगला तर पाणी शिरत नाही आणि बुडाला तर भराभर शिरतं, असा या चाचणीचा अर्थ सर्रास सांगितला जातो. तो अर्धाच खरा आहे. केस पाण्यापेक्षा जड असतो, जवळजवळ १.३ पट. तो तरंगतो तो पृष्ठताणामुळे, अलगद ठेवलेली सुई तरंगते तसा. काडीने खाली ढकलला आणि त्याला हवेचा बुडबुडा चिकटलेला नसला, तर निरोगी केसही खालीच राहतो. म्हणजे पेल्यातून कळतो तो केसाचा पृष्ठभाग. आत किती पाणी जातं, ते त्यातून मोजता येत नाही.

म्हणून मी या चाचणीचा उपयोग एकाच केसाची दोन टोकं ताडून बघण्यासाठी करते. भाचीला शाम्पूने केस धुवायला लावले, कंडिशनर न लावता, आणि पूर्ण वाळू दिले. मग डोक्यावरचा एक लांब केस मुळाजवळून कापला. त्याचा मुळाकडचा चार सेंटिमीटरचा तुकडा आणि टोकाकडचा तेवढाच तुकडा, असे दोन तुकडे घेतले. पेला नीट विसळलेला हवा. साबणाचा अंश राहिला तर पृष्ठताण कमी होतो आणि कुठलाही केस बुडतो. दोन्ही तुकडे चिमट्याने साध्या पाण्यावर आडवे ठेवले. पाच मिनिटांनी मुळाकडचा तुकडा तसाच वर होता, टोकाकडचा तळाशी गेला होता. एका केसावर भरवसा नको म्हणून आणखी तीन केस घेतले. तिन्ही वेळा तेच झालं.

मग तिच्या केसांना लो म्हणायचं की हाय? मुळाशी लो, टोकाशी हाय. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे चाळीस सेंटिमीटर लांब केसाचं टोक तीन वर्षांहून जुनं असतं. तेवढी उन्हं, तेवढ्या फण्या त्याने सोसलेल्या असतात. ब्लीच न केलेल्या केसातही थोडाफार फरक दिसतो तो यामुळे.

आता धुण्याचं. शाम्पू टाळूला लावावा. टोकांना त्याचा वाहता फेस पुरतो. कंडिशनर मात्र टोकांनाच लावावा, कारण खराब झालेल्या भागाला तो जास्त धरून राहतो. मुळाशी लावला तर केस चपटे आणि तेलकट दिसतात. न्हाण्याआधी टोकांना खोबरेल लावणं खरोखर उपयोगी आहे. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की खोबरेल केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल तसं करत नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं, म्हणून पाण्याने केस कमी फुगतो.

वाळवण्यात जास्त नुकसान होतं, असं माझं मत आहे. ओला केस जाडीला साधारण पंधरा टक्के फुगतो आणि कमकुवत होतो. अशा वेळी मान खाली घालून पंचाने केस झटकायची आपल्याकडची रीत उचकटलेल्या खवल्यांना सोसत नाही. पंचा केसांभोवती धरून नुसता दाबावा, घासू नये. हेअर ड्रायर वापरायचाच असेल तर पंधरा सेंटिमीटर लांब धरून सतत फिरता ठेवावा. कोरियातल्या एका अभ्यासात अशा वाळवण्याने नैसर्गिक वाळवण्यापेक्षाही कमी इजा झाल्याचं दिसलं, कारण केस फार वेळ ओला राहणंही त्याला बाधतं. म्हणूनच तासभर टॉवेलात गुंडाळलेला ओला अंबाडा मी भाचीला सोडायला लावला.